शेवटचे अडीच किलो

एक माणूस डोळ्यांसमोर आणू. वय पस्तीसच्या आसपास, राहायला ठाण्यात, नोकरी बैठी, आठवड्यातून चार दिवस जिम. साडेतीन महिन्यांपूर्वी त्याचं वजन ८४ किलो होतं आणि शरीरातली चरबी साधारण २४ टक्के. रोजच्या खर्चापेक्षा साडेसातशे कॅलरी कमी खाऊन, व्यायाम न चुकवता तो ७४ किलोवर आला. या काळात त्याचे स्नायू जवळजवळ शाबूत राहिले, बेंच प्रेसवरचं वजनही उतरलं नाही. आता चरबी १४ टक्क्यांवर आली आहे. पोटाचे वरचे दोन कट्स सकाळच्या उजेडात दिसतात, बेंबीखालचा थर मात्र जागचा हलत नाही. तो थर त्याला घालवायचा आहे.

पुढे काय होतं ते कोणत्याही जिममध्ये पाहायला मिळतं. आधीची युक्ती चालली होती, म्हणून तीच आणखी आवळली जाते. रात्रीची भाकरी बंद होते, ट्रेडमिलवर चाळीस मिनिटांचं धावणं सुरू होतं. कुणीतरी सांगतं की कट्स काढायचे तर हलकं वजन आणि जास्त रेप्स मारायचे, म्हणून ८० किलोचा बेंच ५० वर येतो. महिन्याभराने काटा ७१ दाखवतो. पण चेहरा ओढलेला, टी-शर्टच्या बाह्या सैल, आणि बेंबीखालचा थर अजून तिथेच. उतरलेल्या तीन किलोंमध्ये चरबीइतकंच स्नायूंचंही वजन गेलेलं असू शकतं.

हे का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात.

आपण खर्चापेक्षा कमी खातो तेव्हा उरलेली ऊर्जा शरीराला साठ्यातून काढावी लागते. मुख्य साठा चरबीचा. पण चरबी दिवसाला किती ऊर्जा सोडू शकते याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा अंगावर चरबी किती आहे यावर ठरते. उन्हाळ्यात विहिरीचा पाझर आटला की मोटर जास्त वेळ चालवून पाणी वाढत नाही, तसंच हे आहे. अल्पर्ट या संशोधकाने २००५ मध्ये या पाझराचा आकडा काढला. त्यासाठी त्याने अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झालेल्या प्रसिद्ध उपासमारीच्या प्रयोगाची माहिती वापरली. त्या प्रयोगात ३६ तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहून आपलं सुमारे पाव वजन गमावलं होतं. अल्पर्टच्या हिशेबाने एक किलो चरबी दिवसाला जास्तीत जास्त ६९ कॅलरी सोडू शकते. त्याहून मोठी तूट पडली तर उरलेला भाग स्नायूंसारख्या चरबीविरहित ऊतींमधून भरला जातो.

आता आपल्या माणसाचा हिशेब मांडू. ८४ किलोवर असताना त्याच्या अंगावर सुमारे २० किलो चरबी होती. वीस गुणिले ६९ म्हणजे जवळपास १४०० कॅलरी. साडेसातशेची तूट या मर्यादेच्या निम्म्यावर होती, म्हणून स्नायूंना हात लागला नाही. ७४ किलोवर चरबी उरली साधारण १०.४ किलो. तिची मर्यादा ७१५ कॅलरींच्या आसपास येते. म्हणजे जी तूट सुरुवातीला निर्धोक होती, तीच आता मर्यादेच्या बाहेर गेली. त्याने तर ती हजारावर नेली.

६९ हा आकडा काटेकोर धरू नये. तो गणिताने काढलेला आहे, वजनं न उचलणाऱ्या आणि प्रथिनं कमी खाणाऱ्या माणसांवरून काढलेला आहे, आणि माणसामाणसात फरक असतो. तो वरची सीमा म्हणून वापरावा आणि तिच्या बराच आत राहावं. पण त्यातली दिशा पक्की आहे: चरबी जितकी कमी, तितकी तूट लहान हवी. शेवटच्या टप्प्यात लोक नेमकं याच्या उलट करतात.

व्यवहारात मोजायला सोपं माप म्हणजे आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का घट. नॉर्वेमध्ये २०११ साली खेळाडूंचे दोन गट करून हे तपासलं गेलं. एका गटाने आठवड्याला ०.७ टक्के वजन उतरवायचं, दुसऱ्याने १.४ टक्के, आणि दोघांनी वजनांचा व्यायाम करायचा. सावकाश उतरणाऱ्या गटाचं चरबीविरहित वजन चक्क दोन टक्क्यांनी वाढलं. घाई करणाऱ्यांचं वाढलं नाही. चरबी १४ टक्क्यांच्या खाली जात असेल तर मी ०.७ पेक्षाही हळू, अर्ध्या टक्क्यावर राहायला सांगेन, आणि शेवटच्या आठवड्यांत त्याहूनही थोडं कमी.

आपल्या माणसाला १४ वरून ११ टक्क्यांवर जायचं आहे. त्याचं चरबीविरहित वजन आहे ६३.६ किलो. ते सगळं टिकवलं तर ११ टक्क्यांवर त्याचं वजन होईल साडेएकाहत्तर. म्हणजे उतरवायचे आहेत फक्त अडीच किलो, तेही सगळे चरबीचे. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात, म्हणजे एकूण तूट हवी १९,००० ते १९,५०० कॅलरींची. पहिले चार आठवडे रोज ४०० आणि पुढचे चार आठवडे रोज ३०० अशी तूट ठेवली तर हे काम आठ आठवड्यांत होतं. ७४ किलोवर त्याचा रोजचा खर्च २,४०० कॅलरी असेल, तर सुरुवातीला त्याने २,००० खायचं. चार आठवड्यांनी वजन उतरल्यामुळे आणि नकळत हालचाल मंदावल्यामुळे खर्च २,३५० वर येईल. त्यातून ३०० वजा केले की २,०५०. म्हणजे दुसऱ्या महिन्यात त्याने पहिल्यापेक्षा थोडं जास्तच खायचं. बहुतेकांना हे पटत नाही. लक्ष्य जवळ आलं की हात आखडावा असंच मनाला वाटतं, पण शरीराचा हिशेब दुसरीकडे निघालेला असतो.

तूट लहान ठेवली की निम्मी लढाई जिंकली. उरलेली निम्मी प्रथिनं आणि व्यायाम यांची आहे, आणि त्या दोघांना वेगळं काढता येत नाही.

स्नायू म्हणजे एकदा बांधून झालेली वास्तू नव्हे. त्यातलं प्रथिन रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं नव्याने तयार होतं. कमी खाल्ल्यावर हे तयार होणं मंदावतं. २०१४ च्या एका अभ्यासात वजनं उचलणाऱ्या तरुण स्त्री-पुरुषांना पाच दिवस कमी खायला दिलं, तेव्हा विश्रांतीच्या अवस्थेत नवं प्रथिन तयार होण्याचा वेग २७ टक्क्यांनी घसरला. त्याच लोकांनी वजनांचा व्यायाम केल्यावर तो वेग पोटभर खाणाऱ्याच्या पातळीला आला, आणि व्यायामानंतर १५ किंवा ३० ग्रॅम प्रथिन घेतल्यावर त्याच्याही वर गेला. ३० ग्रॅमने वाढ जास्त दिसली. अर्ध्या पोटीही स्नायू टिकतात ते या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे.

कमी चरबीच्या लिफ्टरला दिवसभरात किती प्रथिन हवं? चरबीविरहित वजनाच्या दर किलोला २.३ ते ३.१ ग्रॅम ही शिफारस प्रचलित आहे. आपल्या माणसासाठी ती १४६ ते १९७ ग्रॅम येते. १६० धरून चालू. आपल्याकडच्या स्वयंपाकात हा आकडा आपोआप भरत नाही, मुद्दाम बसवावा लागतो. सकाळी दोन अख्खी अंडी आणि चार अंड्यांचा पांढरा भाग यांतून २६-२७ ग्रॅम येतात. दुपारी कच्चं मोजलेलं २०० ग्रॅम चिकन ब्रेस्ट म्हणजे ४५ ग्रॅम, सोबत ज्वारीची भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ मिळून १२. जिमनंतर व्हेचा एक स्कूप २४ ग्रॅमचा. संध्याकाळी कमी स्निग्धांशाच्या दुधाच्या दह्याचा २०० ग्रॅम चक्का, १८ ग्रॅमच्या आसपास. रात्री १५० ग्रॅम रावस किंवा सुरमई तव्यावर, ३० ग्रॅम, त्याबरोबर भात आणि भाजी. बेरीज १६० च्या घरात जाते. मोजून चार चमचे तेल धरलं तरी कॅलरी २,००० च्या आत राहतात.

शाकाहारी माणसाचं काम अवघड आहे, अशक्य नाही. अडचण अशी की आपण ज्यांना प्रथिनांचे पदार्थ म्हणतो, त्यातले बरेच मुळात स्निग्ध किंवा पिष्टमय असतात. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८-२० ग्रॅम प्रथिन मिळतं, पण जवळपास तीनशे कॅलरी येतात. शेंगदाण्यात २५ ग्रॅम प्रथिनांसोबत साडेपाचशेच्या वर. वाटीभर वरणात जेमतेम सहा-सात ग्रॅम. म्हणून शेवटच्या टप्प्यापुरता आधार सोयाबीन वडीचा, चक्क्याचा आणि व्हेचा घ्यावा लागतो. ५० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत २५ ग्रॅम प्रथिन आणि पावणेदोनशे कॅलरी असतात. इतकं चांगलं प्रमाण आपल्या वाणसामानात फार थोड्या गोष्टींना आहे.

तेलाचा हिशेब इथे निर्णायक ठरतो. तीनशे कॅलरींची तूट म्हणजे अडीच मोठे चमचे तेल. फोडणीत हात सैल सुटला, वर शेंगदाण्याची चटणी घेतली, की दिवसाची सगळी तूट भरून निघाली. ८४ किलोवर असताना ही चूक खपून गेली असती, कारण तूट मोठी होती. आता खपत नाही. घरच्यांबरोबर एकाच कढईतलं जेवताना हे मोजणं अवघड जातं. त्यावर साधा उपाय म्हणजे आपली भाजी-उसळ घरातलीच घ्यायची आणि तिच्या तेलाचा अंदाज वरच्या बाजूने धरायचा. स्निग्धांश फार कमीही करू नये, दिवसाला ५० ग्रॅमच्या खाली जाण्याची गरज नाही.

आता व्यायाम. या टप्प्यातली सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. हलक्या वजनाचे पंचवीस-तीस रेप्स मारल्याने त्या जागची चरबी वितळत नाही आणि कट्स निघत नाहीत. कट्स दिसतात ते चरबीचा थर पातळ झाल्यावर, तेही खाली स्नायू उरला असेल तरच. ज्या जड वजनाने तो स्नायू घडवला, तेच वजन त्याला टिकून राहण्याचं कारण देतं. ८० किलोच्या बेंचची सवय असलेल्या छातीवर ५० किलो आरामात हलवलं, तर एवढं बळ राखण्याचं कारण शरीराला उरत नाही, त्यात अन्नही कमी.

तेव्हा वजन कमी करायचं नाही. कमी करायचं असेल तर सेट्स. आपला माणूस छातीला आठवड्यात पंधरा सेट्स करत असेल, तर कमी खाण्याच्या दिवसांत ते दहावर आणावेत, पण बारवरचं वजन आणि रेप्स तेच ठेवावेत. इतक्या कमी कामात स्नायू टिकेल का, ही भीती अनाठायी आहे. २०११ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात लोकांनी चार महिने व्यायाम करून मांड्यांचे स्नायू वाढवले आणि मग काम एकदम घटवलं. तरुणांमध्ये तो वाढलेला आकार आधीच्या एक नवमांश कामावरही आठ महिने टिकला, वजन मात्र जड ठेवलं होतं. ते लोक पोटभर खात होते, म्हणून आपण नवमांशावर जाऊ नये. पण दोनतृतीयांश काम पुरेसं आहे. कमी अन्नावर थकवा लवकर भरून येत नाही, त्यामुळे सेट्स तितकेच ठेवण्याचा हट्ट धरला तर शेवटी बारवरचं वजनच उतरवावं लागतं.

धावण्यापेक्षा चालणं बरं. जोरकस धावणं पायांना थकवतं आणि त्याची किंमत स्क्वॉट चुकवतो. चालण्याचा फायदा आणखी एक आहे. खाणं घटलं की माणूस नकळत कमी हलतो, जिन्याऐवजी लिफ्ट धरतो, सुट्टीच्या दिवशी पडून राहतो. रोज आठ-नऊ हजार पावलं ठरवून घेतली की ही गळती थांबते.

सगळं ठीक चाललंय की नाही हे कळणार कसं? जिममधल्या चरबी मोजण्याच्या मशीनवर इथे विसंबू नये. ती मशीन अंगातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून पाण्याचा अंदाज घेतात आणि त्यावरून चरबी ठरवतात. आदल्या रात्री पाणी कमी प्यायलात किंवा मीठ जास्त झालं तरी आकडा दोन-तीन टक्के सरकू शकतो, आणि आपल्याला मोजायचा आहे एकूण तीन टक्क्यांचा फरक. तीन गोष्टी घरीच पाहाव्यात. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी वजन करून सात दिवसांची सरासरी काढायची आणि सरासरीची तुलना मागच्या सरासरीशी करायची. एका दिवसाचा आकडा निरर्थक असतो. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलं जातं, त्यामुळे रविवारच्या बिर्याणीनंतर सोमवारी किलोभर वाढ दिसली तरी ती चरबी नसते. दुसरी गोष्ट, आठवड्यातून एकदा बेंबीजवळ कमरेचा घेर. तिसरी, बेंच, स्क्वॉट, रोइंग अशा तीन-चार मुख्य व्यायामांची वही.

या तिन्ही गोष्टी एकत्र वाचायच्या असतात. आपल्या माणसाचं सरासरी वजन आठवड्याला ३००-३७० ग्रॅमने उतरतंय, कंबर दोन-तीन आठवड्यांत सेंटिमीटरभर कमी होतेय आणि वहीतले आकडे जागच्या जागी आहेत, तर काहीही बदलू नये. एखाद्या दिवशी बेंचला एक रेप कमी आला तर तो थकवा असतो. पण सलग दोन आठवडे दोन-तीन व्यायामांत आकडे घसरत असतील, वजन ठरल्यापेक्षा वेगाने उतरत असेल आणि कंबर मात्र तिथेच असेल, तर जातोय तो स्नायू. अशा वेळी त्याच दिवसापासून दीडशे-दोनशे कॅलरी वाढवाव्यात, शक्यतो भात-भाकरीच्या रूपाने आणि व्यायामाच्या आसपास. पुल-अप्सचे रेप्स वाढले तर फार खूश होऊ नये, अंगाचंच वजन कमी झालेलं असतं. मात्र ते घटले, तर तो इशारा गंभीर समजावा.

झोपेबद्दल एकच अभ्यास सांगतो. शिकागोमध्ये २०१० साली वजन जास्त असलेल्या दहा जणांना एकच कमी कॅलरींचा आहार देऊन दोन आठवडे साडेआठ तास आणि दोन आठवडे साडेपाच तास झोपेची संधी दिली. वजन दोन्ही वेळी सुमारे तीन किलोनेच उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६. बाकीचं वजन चरबीविरहित भागाचं गेलं. पहाटे पाचला उठून जिम गाठणारा माणूस रात्री बारापर्यंत मोबाइल पाहत असेल, तर त्याच्या चक्क्याला आणि चिकनला फारसा अर्थ उरत नाही.

चार आठवड्यांनी एक आठवडा खर्चाइतकं खावं की नाही, यावर बरीच चर्चा चालते. ऑस्ट्रेलियात वजनं उचलणाऱ्या लोकांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा विश्रांतीने चरबी जास्त उतरली नाही आणि स्नायूही जास्त टिकले नाहीत, भूक मात्र कमी जाणवली. तेव्हा गणपती किंवा घरचं लग्न मधे येत असेल तर तो आठवडा खर्चाइतकं निश्चिंत खावं. त्याने नुकसान होत नाही, काम आठवडाभर लांबतं इतकंच.

आणि ११ च्या पुढे? हौशी माणसाने इथे थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मुंबई श्रीच्या मंचावर दिसणारं शरीर त्या एका दिवसासाठी आणलेलं असतं, ते वर्षभर सांभाळता येत नाही. २०१३ मध्ये कोणतीही औषधं न घेणाऱ्या एका शरीरसौष्ठवपटूचा वर्षभर अभ्यास झाला. स्पर्धेच्या तयारीत त्याची चरबी १४.८ वरून ४.५ टक्क्यांवर आली. या प्रवासात टेस्टोस्टेरॉन पाव हिश्श्यावर आलं, हृदयाचे ठोके मिनिटाला ५३ वरून २७ वर गेले आणि ताकद घटली. स्पर्धेनंतर सहा महिने उलटूनही ताकद पूर्ण परतली नव्हती. स्त्रियांमध्ये ही सीमा बरीच वरच्या टक्क्यांवर येते, आणि पाळी लांबणं किंवा थांबणं ही तिची खूण आहे. त्या दिवशी कटिंग संपवून डॉक्टरांना भेटावं. पुरुषांमध्ये कामेच्छा मावळणं, सतत थंडी वाजणं आणि पहाटे तीनला भुकेने जाग येणं या तशाच खुणा आहेत. या टप्प्यावर कुणी क्लेनब्युटेरॉल किंवा पाणी उतरवणाऱ्या गोळ्या सुचवेल. त्या हृदयाच्या लयीशी खेळतात, त्यांना हात लावू नये.

आठ आठवडे झाले, काटा साडेएकाहत्तरवर आला, की तूट लगेच बंद करावी. आपल्या माणसाने २,३०० कॅलरींवर यावं आणि कमी केलेले सेट्स दोन-तीन आठवड्यांत हळूहळू पूर्ववत करावेत. पहिल्या दहा दिवसांत वजन पाऊण ते एक किलोने वाढेल. ते ग्लायकोजेन आणि पाणी असतं, कंबर वाढत नाही, उलट स्नायू भरलेले दिसतात. ही वाढ पाहून घाबरून पुन्हा भाकरी बंद करू नका. पुढचं कटिंग घ्यायचंच असेल, तर निदान तितकेच आठ आठवडे खर्चाइतकं खाऊन मगच घ्या.